कंसातलं हो

लोक विचारतात, "अडखळण्याचं कसलं आलंय भाषांतर?" आणि हसतात. हसू देत. फ्रेंच माणूस अडला की ओठांचा चंबू करून एक लांबट आवाज काढतो, इंग्रजी बोलणारा अडला की तोंड अर्धवट उघडून दुसराच काढतो. मी पहिल्याचा दुसरा करते. माणूस किती वेळ गप्प बसला ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजून कंसात लिहिते. दोन दशांशाहून कमी असेल तर कंसात नुसता ठिपका. शब्द मध्येच तुटला तर आडवी रेघ. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याने तोंड घातलं तर चौकोनी कंस. हे काम मी एकोणीस वर्षं करतेय आणि एकोणीस वर्षांत मला कुणी "छान काम आहे हो तुमचं" असं म्हटलेलं नाही.

त्या वर्षी मला ते काम बरं वाटत होतं, कारण त्यात काही वाटावं लागत नाही. नवऱ्याला जाऊन आठ महिने झाले होते. एकवीस दिवस तो मशीनवर होता. बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी मला एका छोट्या खोलीत बसवलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं. मी मान हलवली आणि सही केली. सासूबाईंना सांगितलं की पहाटे झोपेतच गेला. त्यांनी ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि त्यानंतर जो येईल त्याला तेच सांगत राहिल्या, "झोपेत गेला हो माझा, काही कळलंसुद्धा नाही त्याला." मी शेजारी बसून ऐकायची. मला रडू यायचं नाही, रागही यायचा नाही. जेवले का नाही हेसुद्धा भांडी पाहून कळायचं. लोक म्हणायचे, किती धीराची आहे. कसला धीर! दगड झाला होता माझा.

अशात ते काम आलं. संशोधन संस्थेतली एक पोरगी, असेल तिशीची, रुग्णाचं मशीन बंद करायची वेळ आलेल्या घरच्या माणसांच्या मुलाखती घेत होती. मुलाखती फ्रेंचमध्ये, निबंध इंग्रजीत. मी तिला मनातल्या मनात 'झटपट' म्हणायची, कारण तिला सगळं कालच हवं असायचं. विषय ऐकून मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायलासुद्धा आतून काहीतरी हलावं लागतं. मी "बरं" म्हणाले.

रेकॉर्डिंग इमारतीबाहेर न्यायचं नाही असा नियम. म्हणून मी रोज सकाळी दहाला तिथल्या मागच्या खोलीत जाऊन बसायची. एक टेबल, एक खिडकी, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची भिंत. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, टाचेने दाबलं की दोन सेकंद मागे. फ्रेंच लेखी प्रत आधीच दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेली, चिन्हांसकट. माझं काम प्रत्येक फ्रेंच ओळीखाली इंग्रजी ओळ बसवायची, तीच चिन्हं लावून, आणि रेकॉर्डिंगशी ताडून पाहायची. अक्षरं टाइपरायटरसारखी, सगळी एकाच रुंदीची. नाहीतर वरचा कंस आणि खालचा कंस एकाखाली एक येत नाहीत, आणि ते आले नाहीत तर सगळं मुसळ केरात.

एकदा एक बाई "शर्ट पां-" म्हणून थांबली होती. फ्रेंचमध्ये आधी शर्ट, मग पांढरा. इंग्रजीत आधी पांढरा. झटपट म्हणाली, "ताई, इंग्रजीत सरळ लिहा ना, पांढरा शर्ट." मी म्हटलं, "बाळा, पांढरा तिच्या तोंडून पुरता बाहेर पडलाच नाही, तो मी कुठून आणू? तिच्या घशात हात घालू?" शेवटी इंग्रजीच वाकडी केली. शर्ट आधी, मग अर्धा पांढरा, मग रेघ. झटपट हसली. मला हसायला आलं नाही, पण मी बरोबर होते.

नावं नव्हती, नंबर होते. चौदा नंबर म्हणजे एक सत्तरीची बाई, पूर्वी शिवणकाम करणारी. नवरा नऊ दिवस मशीनवर. मुलगा फार दूर, इंग्रजी बोलणाऱ्या मुलखात, लहानपणापासून आत्याकडे वाढलेला. त्याला फ्रेंच बोलता येतं मोडकंतोडकं, वाचता येत नाही. बाई बोलताना मध्ये मध्ये कापडावरून हात फिरवल्यासारखा आवाज यायचा. पुढे कळलं, ती मांडीवरचा स्कर्ट सारखा करायची.

संमतीच्या कागदावर एक ओळ असते, की हवी असल्यास मुलाखतीची प्रत मिळेल. कुणी मागत नाही. हिने मागितली. आणि म्हणाली, इंग्रजीतली द्या, माझ्या मुलाला पाठवायची आहे.

झटपट माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "ताई, हिच्या मुलाला ते कंस-बिंस काय कळणार? साधी वाचायची प्रत करून द्या ना. आजच."

"आजच?"

"दहा मिनिटांचं तर काम आहे."

खरंच दहा मिनिटांचं काम होतं. फ्रेंच ओळी काढल्या. गोल कंस आणि त्यातले आकडे शोधून एका फटक्यात उडवले. चौकोनी कंस उडवले. रेघा, ठिपके, श्वास, सगळं उडवलं. खाली राहिलं स्वच्छ इंग्रजी, एखाद्या नाटकासारखं. एकदाही वाचून पाहिलं नाही. पाठवून दिलं आणि घरी गेले.

तीन आठवड्यांनी झटपट आनंदात आली. चौदा नंबरचा फोन आला होता म्हणे. मुलाने प्रत वाचली. दोन वर्षं तो दर रविवारी आईला फोन करून डॉक्टरांना शिव्या घालायचा, की कुणाला न विचारता बाबांचं मशीन बंद केलं, मी यांना सोडणार नाही. आणि ती ऐकून घ्यायची. प्रत वाचल्यावर त्याने बुधवारीच फोन केला. एवढंच विचारलं, "तेव्हा तू एकटीच होतीस का गं?" ती म्हणाली, हो. मग म्हणाला, येतो मी.

"बघा ताई," झटपट म्हणाली, "आपल्या कामाचा कुणाला असाही उपयोग होतो. निबंधात मी तेच वाक्य घेणार आहे, तिचं 'हो'वालं. ओळ जरा पुन्हा तपासून द्याल?"

माझ्या मनात पाल चुकचुकली, पण हळूच, कुणीतरी शेजारच्या घरात कडी वाजवावी तशी. मी मूळ प्रत उघडली. ओळ दोनशे बारा.

तिथे असं होतं, मी इथे मराठीत मांडते:

प्रश्न: म्हणजे मग [तुम्हीच] त्यांना सांगितलंत मशीन बंद करा म्हणून
चौदा:        [हो हो ]
          (4.6)
प्रश्न: बरं. आणि तुमचा मुलगा तेव्हा

बघा आता. दोघी एकदम बोलल्या की कागदावर एकीला वरच्या ओळीत बसवायचं आणि दुसरीला खालच्या. खालची नंतर बोलली असं नाही, कागदाला दुसरा इलाज नसतो म्हणून. कंस सांगतो की हे दोन्ही एकाच वेळचं आहे. चौदा नंबरचं "हो हो" आलं ते "तुम्हीच" या शब्दावर. मशीन, बंद, यांतलं काही अजून झटपटच्या तोंडून निघालंच नव्हतं. ते ऐकत असल्याचं "हो हो" होतं, फोनवर आपण म्हणतो तसलं. मग झटपटने प्रश्न पुरा केला. मग चार पूर्णांक सहा सेकंद काही नाही. कापडावरून हात फिरल्याचा आवाज. मग झटपटलाच ते सहन झालं नाही आणि ती "बरं" म्हणून पुढे गेली.

चौदा नंबरने त्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नव्हतं.

आणि मी कंस उडवले, आकडा उडवला. राहिलं काय? वर प्रश्न: तुम्हीच सांगितलंत मशीन बंद करा म्हणून? खाली उत्तर: हो हो. मी चक्क ध चा मा केला होता, तोही एक अक्षर न बदलता. एकोणीस वर्षं शर्टाच्या रंगावरून लोकांशी भांडणारी मी.

पेडल मागे मागे दाबून ते मी सहा-सात वेळा ऐकलं. काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी नुसती उठले आणि झटपटच्या दारात जाऊन जे झालं ते सांगितलं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे तिने कबूल केलंच नव्हतं? आणि आपण तिच्या मुलाला पाठवलं की तिने कबूल केलं?"

"आपण नाही. मी."

"मीच म्हणाले ना आजच द्या म्हणून." डोक्याला हात लावून ती बसली. "दुरुस्त प्रत पाठवायलाच लागेल. आधी तिला बोलावू. तुम्हीही बसा ताई. हे मला एकटीला जिवावर येतंय."

चौदा नंबर दोन दिवसांनी आली. उंच, सडसडीत, केस घट्ट बांधलेले. आवाज एवढा ओळखीचा आणि चेहरा अगदी परका. मुलाखतीच्या खोलीत गोल टेबल होतं, तीन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ नव्हतं कारण टिकटिक रेकॉर्ड होते. झटपटने फ्रेंचमध्ये सगळं नीट समजावलं. माझ्याकडे हात करून म्हणाली, या भाषांतर करतात, चूक प्रत करताना झाली. मी म्हटलं, चूक माझी आहे, माफ करा. दुरुस्त प्रत तयार आहे.

दुरुस्त पान तिच्यापुढे ठेवलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण मोठी मधली जागा आणि तो आकडा तिला दिसला. तिने त्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"तुम्ही गप्प होतात," मी म्हटलं. "एवढा वेळ."

तिने मांडीवरचा स्कर्ट सारखा केला. "ही पाठवू नका."

झटपट म्हणाली, "पण बाई, तुम्ही हो म्हणाला नव्हतात. तुमच्या तोंडी आम्ही नसलेलं उत्तर घातलं."

"नसलेलं नाही." बाई शांतपणे म्हणाली. "मीच सांगितलं होतं डॉक्टरांना. बंद करा म्हटलं. दोन वर्षं मुलाला सांगायला जमलं नाही. तुमच्या रेकॉर्डरपुढे बसले तेव्हाही जमलं नाही, चार सेकंद म्हणता ना, चारशे असते तरी जमलं नसतं. तुमच्या कागदाने सांगून टाकलं. मला वाटलं, सुटले. तो शनिवारी येतोय. आता तुम्ही नवा कागद पाठवणार, की नाही, आई बोललीच नव्हती. म्हणजे मी पुन्हा खोटी. त्याने माझं जे माफ केलंय ते मी म्हटलेलंच नाही, असं त्याला कळणार."

झटपट माझ्याकडे बघायला लागली. मला एवढंच कळत होतं की गप्प बसलेल्या जागी मी 'हो' लिहू शकत नाही. ते खरं असलं तरीही. त्या जागेत जे ऐकू येतं तेच लिहायचं, आणि तिथे फक्त कापडाचा आवाज होता.

"जुनी प्रत तशीच ठेवता येणार नाही," मी म्हटलं. "कोणी कितीही सांगितलं तरी मी ठेवणार नाही." माझा आवाज चढला असावा, कारण दोघीही दचकल्या. मलाच नवल वाटलं, राग कुठून आला म्हणून. "पण तुम्ही आत्ता बोललात तर मी ते लिहीन. जसंच्या तसं. वेगळी तारीख घालून दुरुस्त प्रतीला जोडू, की पहिल्या वेळी उत्तर आलं नाही, दुसऱ्या वेळी हे आलं. मुलाला दोन्ही वाचू दे, चिन्हांसकट. चिन्हांचा अर्थ मी मागे एका पानावर लिहून देते. तो लहान नाही."

बाईने पुन्हा त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तो म्हणेल, आईला एवढा वेळ लागला."

"लागलाच ना," मी म्हटलं.

यावर ती किंचित हसली. हातानेच म्हणाली, चालू करा.

झटपटने रेकॉर्डर टेबलाच्या मधोमध ठेवला, लाल दिवा लागला. तिने तारीख सांगितली, नंबर सांगितला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी अगदी सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत. तुम्हीच त्यांना सांगितलंत का, मशीन बंद करा म्हणून?

मी वही घेऊन बसले होते. मान हलवली, हात हलला, असलं काही आवाजात येत नाही ते टिपायला. बाई माझ्याकडे पाहत होती, झटपटकडे नाही. मीही तिच्याकडे पाहत होते. मग ती हो म्हणाली. त्यानंतर बरंच काही म्हणाली, डॉक्टरांचा चेहरा, नवऱ्याचा थंड पडलेला पाय, मुलाला फोन लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला ते. अर्धा तास बोलली. झटपट एकदाही मध्ये बोलली नाही, हे तिच्या आयुष्यातलं पहिलंच असेल.

शनिवारच्या आत प्रत पाठवायची होती. रेकॉर्डिंग अर्ध्या तासाचं, म्हणून फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही मीच करायला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी हेडफोन लावले. प्रश्न लिहिला. शांतता मोजायला सुरुवात केली, प्रश्नाचा शेवटचा आवाज जिथे संपतो तिथपासून उत्तराचा पहिला आवाज जिथे सुरू होतो तिथपर्यंत. अकरा पूर्णांक दोन. मग बाईचं "हो". आणि त्यावरच, तिच्याबरोबरच, दुसरा एक आवाज. बारीक, पण स्पष्ट.

मी टाच दाबली. पुन्हा ऐकलं. झटपटचा नव्हता, ती रेकॉर्डरजवळ होती, तिचा मोठा आला असता. शिवाय शब्द फ्रेंच नव्हता. मराठीत होता. "हो."

तो माझा होता.

मी बोलल्याचं मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मी वही उघडून पाहिली. त्या जागी मी लिहून ठेवलं होतं: "चौदा, मान हलवते." बस.

आवाज काढून टाकता आला असता. प्रश्न माझ्यासाठी नव्हताच, मी त्या मुलाखतीत कुणी नव्हते, झटपटला कळलंही नसतं. पण आदल्याच दिवशी त्या बाईला तोंड वर करून सांगितलं होतं की ऐकू येतं ते लिहायचं. तिच्यासाठी एक नियम आणि माझ्यासाठी दुसरा, असं कसं चालेल? तिसऱ्या बोलणाऱ्यासाठी खूण लागते. "भाषांतरकार" असं लिहिलं. तिच्या ओळीखाली माझी ओळ घातली. कंस कंसाखाली आणला. फ्रेंच प्रतीत दोन शब्द वेगळे दिसत होते, तिचा आणि माझा. इंग्रजी ओळीत दोन्हींचा अर्थ एकच, म्हणून एकच शब्द, एकाखाली एक. तळटीप घातली: दुसरा आवाज भाषांतरकाराचा, प्रश्न तिला उद्देशून नव्हता. झटपटला प्रत दिली. तिने तळटीप वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि काहीही न विचारता सही केली. पोरगी वाटते तेवढी झटपट नाही.

त्या दिवशी मी तीनलाच घरी गेले. सासूबाई खिडकीपाशी बसून मटार सोलत होत्या.

"आज लवकर गं?"

"आई," मी म्हटलं, "तो झोपेत नाही गेला. डॉक्टरांनी मला विचारलं होतं. मशीन बंद करा असं मी सांगितलं."

त्यांच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली. मला वाटलं ओरडतील, शिव्याशाप देतील. तसं काही नाही झालं. खिडकीबाहेर बघत, अगदी हळू म्हणाल्या,

"मला विचारायचं नाही का गं? मी आई ना त्याची?"

आठ महिन्यांत पहिल्यांदा मला रडू फुटलं.

"नाही विचारलं," मी म्हटलं. "नाही विचारलं, आई."